पाच उधाऱ्या, साडेएकतीस हजार पगार: आधी लहानवालं फेडू की महाग व्याजवालं?

हिंगणा_रोड
नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीत डिस्पॅचला आहे, हातात ३१,५०० येतात. घर मानेवाड्याला भाड्याचं, बायको, एक पोरगी दुसरीत. कर्जाची यादी सरळ टाकून देतो म्हणजे पुन्हा पुन्हा विचारायचं काम नाही.

क्रेडिट कार्ड ४६,००० थकलेलं, महिन्याला ३.६ टक्के, मी २,५०० भरत राहतो.
पर्सनल लोन १,१२,००० बाकी, १८ टक्के, हप्ता ५,०७५, अजून २७ महिने.
गाडीचं लोन, हप्ता २,५८६, ८ महिने राहिले, व्याज ११ टक्के.
मोबाईल अन् कूलर मिळून नो कॉस्टवाला हप्ता १,७५०, ४ महिने राहिले.
मामांकडून हातउसने २०,०००, व्याज नाही.

घरखर्च कितीही आवळला तरी १६,५०० च्या खाली जात नाही, म्हणजे सगळे हप्ते देऊन महिन्याला ३,००० च्या आसपास हाती उरतात. आता हे ३,००० कुठे टाकू? यूट्यूबवर एक म्हणतो स्नोबॉल करा, सगळ्यात लहान कर्ज आधी उडवा. दुसरा म्हणतो ॲव्हलांच, ज्याचं व्याज जास्त ते आधी. दोघंही इतक्या कॉन्फिडन्सनं बोलतात की माणूस येडा होऊन जाते. आपल्यासारख्या पगारात काय चालते ते सांगा.

तर्रीपोहा
यात विचार कसला करून राहिला भाऊ? कार्ड आधी. ३.६ महिन्याला म्हणजे वर्षाचे ४३ टक्के झाले. त्यानंतर पर्सनल लोन १८, मग गाडी ११. गाडीचं व्याज सगळ्यात कमी म्हणून तिला हातच लावू नको, ती राहू दे शेवटी. गणित आहे साधं.

सौ_मानेवाडा
मी पण मानेवाड्याचीच 😊 गणित साधं असते हो पण घर गणितावर चालत नाही. आमच्याकडे सहा हप्ते होते, ह्यांचा पगार आला की पाच तारखेपर्यंत गायब. मी सगळ्यात आधी मिक्सरचा हप्ता संपवला मग टीव्हीचा, रक्कम किती तर काहीच नाही, पण महिन्याला मेसेज सहाचे चार झाले तेव्हा कुठे जरा श्वास आला. मोठ्या कर्जात वर्षभर पैसे ओतले असते तर एक पण हप्ता बंद झाला नसता आणि ह्यांनी तिसऱ्याच महिन्यात सोडून दिलं असतं हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून माझं मत स्नोबॉल. आता नवीन कूलर पण हप्त्यावरच घेतला ते सोडा, मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय कोण राहते.

कर्जखाते_महाल
मी एका पतसंस्थेत कर्ज विभागात बसतो, रोज हेच बघतो, म्हणून जरा लांब लिहितो.

पहिले गाडीचं बघू. तर्रीपोहा, ते ११ टक्के फ्लॅट असणार, टू-व्हीलरला शोरूममध्ये फ्लॅटच सांगतात. @हिंगणा_रोड, लोन ७०,००० चं, ३६ महिन्यांचं होतं का? २,५८६ चा हप्ता त्यालाच बसतो. ७०,००० वर ११ टक्क्यांनी ३ वर्षांचे २३,१०० व्याज पहिल्या दिवशीच मुद्दलात मिळवलं, ९३,१०० झाले, भागिले ३६. पण तुम्ही तर दर महिन्याला मुद्दल परत करत आहात ना, पूर्ण ७०,००० तीन वर्षं तुमच्याकडे राहिलेच नाहीत. उतरत्या शिलकीवर मोजलं तर हा दर साडेएकोणीसच्या वर जातो. म्हणजे तुमच्या पर्सनल लोनपेक्षा गाडी महाग आहे. यादी करताना एका ठिकाणी फ्लॅट आणि एका ठिकाणी उतरता दर लावला की ॲव्हलांचचा क्रमच उलटा होतो, आणि हे फार लोकांचं होते.

१ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या नवीन रिटेल लोनला केएफएस नावाचा कागद देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे, त्यात एपीआर, म्हणजे फी वगैरे धरून वर्षाचा खरा दर, लिहिलेला असते, तोच बघायचा. तुमचं गाडीचं लोन त्याआधीचं दिसते, म्हणून कंपनीकडून रिपेमेंट शेड्यूल मागा.

पण म्हणून लगेच गाडी फेडायला धावू नका. ८ हप्ते म्हणजे २०,६८८ रुपये, त्यात मुद्दल साधारण १९,२५०. व्याज उरलं फक्त १,४०० च्या आसपास, बाकी सगळं तुम्ही आधीच देऊन बसलात. आज पूर्ण बंद केलं आणि त्यांनी ४ टक्के फोरक्लोजर अधिक जीएसटी लावला तर ९०० त्यातच गेले. दर मोठा आहे पण खायला काही उरलं नाही. तर्रीपोहांचं कारण चुकलं, सल्ला मात्र बरोबर निघाला.

आता कार्ड. ३.६ टक्क्यांवर १८ टक्के जीएसटी पण लागतो, तो कोणी धरत नाही. ४६,००० वर व्याज १,६५६, जीएसटी २९८, झाले १,९५४. तुम्ही भरता २,५००. म्हणजे कर्ज कमी होते महिन्याला साडेपाचशेनी. आणि बाकी थकलेली असताना नवीन स्वाइप केलं तर त्याला ती महिना-दीड महिन्याची फुकट मुदत मिळत नाही, त्याच दिवसापासून व्याज. ते कार्ड आधी कपाटात टाका.

तर्रीपोहा
फ्लॅटचं माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलं. पण माझा मुद्दा तोच राहते ना, कार्ड आधी.

बर्डी_ते_बुटीबोरी
मित्रा येवढी झंझट कशाला. माझ्या चुलतभावानं कार्डाचे पैसे भरणंच बंद केलं होतं, सहा महिन्यांनी बँकेचाच फोन आला, अर्ध्यात सेटलमेंट झाली. ४६ चे २३ देशील अन् मोकळा.

कर्जखाते_महाल
@बर्डी_ते_बुटीबोरी त्यांनी सेटलमेंट विचारलीच नाही हो. ज्याला खरंच भरणं शक्य नाही त्याचं ते औषध आहे. हे दर महिन्याला भरणारे गृहस्थ आहेत. सेटल केलं की क्रेडिट रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड'च्या जागी 'सेटल्ड' येते आणि पुढे घराचं लोन मागायला गेलं की पहिला प्रश्न त्यावरच. आमच्याकडे साध्या ५०,००० च्या अर्जालासुद्धा आम्ही ते बघतो. आणि त्या सहा महिन्यांत घरी फोन कोणाकोणाचे आले हे चुलतभावाला विचारा एकदा.

गणिती_बंड्या
मी एक्सेल घेऊन बसलो, रात्रीची झोप घालवली. मामांचे पैसे बाजूला ठेवले. हप्ते, कार्डाचे २,५०० आणि वरचे ३,००० मिळून दर महिन्याला १४,९११ जातात असं धरलं, आणि एखादा हप्ता संपला की ते पैसे पुढच्या कर्जात.

ॲव्हलांच: ३,००० कार्डात, म्हणजे कार्डाला महिन्याचे ५,५००. चौथ्या महिन्यात मोबाईल-कूलर आपोआप संपला की ७,२५०. आठव्यात गाडी संपते. कार्ड नवव्या महिन्यात नील. कार्डाचं एकूण व्याज जीएसटी धरून १०,८०० च्या आसपास.

स्नोबॉल: ३,००० आधी मोबाईलच्या हप्त्यात, तो दुसऱ्याच महिन्यात संपतो. मग गाडी, ती चौथ्या महिन्यात संपते. तोपर्यंत कार्ड २,५०० वरच रांगत राहते, पण पाचव्यापासून त्याला एकदम ९,८३६ मिळतात. आणि गंमत बघा, कार्ड इथेही नवव्याच महिन्यात नील! कार्डाचं व्याज १२,९०० च्या आसपास, गाडीच्या व्याजात साडेपाचशे वाचतात.

म्हणजे दोन पद्धतींत फरक किती तर १,५०० रुपये. नऊ महिन्यांत. फोरक्लोजर चार्ज लागला तर थोडा वाढेल. मी दोनदा तपासलं कारण मला वाटलं होतं की निदान दहा हजार तरी निघतील. जी कर्जं लहान आहेत त्यांचे हप्ते तसेही लवकर संपणार आहेत, म्हणून दोन्ही रस्ते एकाच जागी येऊन मिळतात. लहान कर्जांचे दोन-तीन वर्षं राहिले असते तर चित्र वेगळं दिसलं असतं.

सौ_मानेवाडा
बघा! १,५०० साठी एवढं भांडण. मग मनाला बरं वाटेल तेच करावं ना.

हिंगणा_रोड
वा बंड्या भाऊ, खरंच मेहनत घेतली. @कर्जखाते_महाल होय, ७०,००० चंच होतं लोन. एक सांगायचं राहिलं, आमचा पगार ७ ला येतो पण आम्ही कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर आहे, कधी कधी १०-१२ पण होते. हप्ते सगळे ५ ला कटतात. मागे दोन हप्ते एकदम बाउन्स झाले होते.

कर्जखाते_महाल
हे पहिल्या पोस्टमध्येच लिहायला पाहिजे होतं भाऊ! यानं सगळा विचार बदलतो.

एक हप्ता बाउन्स झाला की तुमची बँक ५०० च्या आसपास अधिक जीएसटी घेते आणि लोन कंपनी वेगळे तेवढेच, कधी जास्त. दोन हप्ते एकदम गेले म्हणजे दोन हजारांच्या वर. बंड्यांनी नऊ महिन्यांत जे १,५०० वाचवून दाखवले ते एका उशिरा आलेल्या पगारात साफ. शिवाय रिपोर्टवर उशीर चढतो तो वेगळा.

म्हणून तुमच्या बाबतीत व्याजासोबत एक आकडा बघायचा, महिन्याला काही झालं तरी द्यावेच लागतात ते पैसे किती. आज ते ११,९११ आहेत. स्नोबॉलनं चौथ्या महिन्याच्या शेवटी ७,५७५ होतात. ॲव्हलांचनं तिथे पोचायला आठवा महिना उजाडतो. सौ. मानेवाडांना जो श्वास आला म्हणतात तो मनाचा खेळ नाही, खरोखर खिशातला फरक आहे, फक्त त्या वेगळ्या शब्दांत सांगून राहिल्या.

पर्सनल लोनमध्ये तर उलटच. त्यात थोडे थोडे जास्त टाकले तर हप्ता ५,०७५ च राहते, फक्त शेवटचे महिने कमी होतात. नोकरी उद्या गेली तर त्या भरलेल्या पैशाचा तुम्हाला काहीच उपयोग नाही. कमी पगारात पैसा अडकून बसणं हीच मोठी जोखीम असते.

आता करायचं काय. पहिले दोन्ही फायनान्स कंपन्यांना हप्त्याची तारीख बदलून मागा, १२ किंवा १५ करून. काही देतात, काही नाही देत, विचारायला पैसे लागत नाहीत. नाही दिली तर पहिल्या दोन महिन्यांचे ३,००० कुठेच टाकू नका, ६,००० होतील ते ज्या खात्यातून हप्ते कटतात त्यात पडून राहू द्या. ते कार्डात न टाकल्याचे महिन्याला २५० जातील, जाऊ द्या, बाउन्सपेक्षा स्वस्त. त्यानंतरचं सगळं कार्डात. मोबाईलच्या हप्त्याला व्याज नाही, तो चार महिन्यांत स्वतःच मरतो, त्याला मारायला पैसे खर्च करू नका.

तर्रीपोहा
६,००० खात्यात सडवायचे कशाला? कार्डात भर, तेवढी लिमिट मोकळी होते, अडचण आली तर कार्ड वापर.

कर्जखाते_महाल
कार्डानं लोनचा हप्ता कटत नाही ना बाप्पा. हप्ता बँक खात्यातून एनएसीएचनं जाते. कार्डावरून कॅश काढली तर कॅशची फी वेगळी आणि व्याज त्याच क्षणापासून. किराणा, पेट्रोलची अडचण असती तर तुमचं म्हणणं पटलं असतं.

इतवारीची_लेक
सगळे पद्धतीवर बोलत आहेत, दराबद्दल कोणीच नाही. घरात सोनं आहे का? माझे वडील इतवारीत सराफ्यात कामाला होते, आमच्याकडे शेतीच्या दिवसांत लोक हेच करायचे. राष्ट्रीयीकृत बँकेत सोनं तारण ठेवून ४६,००० घ्या, दर १० टक्क्यांच्या आसपास मिळू शकतो, कार्ड एका दिवसात बंद. महिन्याचं व्याज १,९५४ ऐवजी ४०० च्या आत. बंड्या, तुझ्या एक्सेलमध्ये टाक बरं.

गणिती_बंड्या
टाकलं. कार्डाला जेवढे भरणार होते तेवढेच सोन्याच्या कर्जात भरले तर व्याज १०,८०० च्या जागी २,००० च्या आत-बाहेर. पावणेनऊ-नऊ हजार वाचतात, बँकेचे सोनं तपासण्याचे वगैरे चार्जेस त्यातून जातील. म्हणजे आपण इकडे १,५०० साठी वाद घालून राहिलो आणि खरा पैसा इथे होता.

हिंगणा_रोड
बायकोच्या बांगड्या आहेत, तिच्या आईनं दिलेल्या. विषय काढला तर ती म्हणाली कार्ड मोकळं झालं की तू परत घासशील, मग कार्ड पण भरलेलं अन् बांगड्या पण बँकेत. काय बोलू यावर.

सौ_मानेवाडा
वहिनी बरोबर बोलल्या. आमच्या सोसायटीत असंच झालं एका घरी, सोनं लिलावाला निघालं तेव्हा तिच्या सासूला कळलं.

इतवारीची_लेक
भीती रास्त आहे पण मग कार्ड बंदच करून टाका, नुसतं कपाटात नको. बाकी शून्य झाली की बंद करायची लेखी विनंती करायची, बँकेला सात कामाच्या दिवसांत बंद करावं लागते. आणि सोन्याचं कर्ज हप्त्यावालं घ्या. वर्षाच्या शेवटी एकदम भरायचं घेतलं तर अकरा महिने कोणी भरत नाही आणि बाराव्याला धावपळ. पण वहिनींचं मन नसेल तर घेऊ नका. सोनं त्यांचं आहे.

कर्जखाते_महाल
सोनं नको असेल तर मधला रस्ता: कार्डाच्या बँकेला फोन करून थकबाकीचे ईएमआय करून मागा. दर साधारण पर्सनल लोनच्या आसपास पडते, प्रोसेसिंग फी लागते. ४३ च्या जागी १६-१८ म्हणजे खूप झालं. फक्त मुदत १२ महिन्यांच्या वर घेऊ नका आणि हप्ता किती बसतो ते बघा. ४६,००० चे १२ महिन्यांत केले तर हप्ता ४,२०० च्या आसपास होईल, म्हणजे सक्तीचा खर्च वाढतो. आज तुम्ही २,५०० देऊन सुटू शकता, तिथे नाही सुटणार. पगार लांबतो म्हणून आधी ते ६,००० खात्यात, मग फोन.

बर्डी_ते_बुटीबोरी
अन् मामाचं काय? त्याचं कोणी बोललंच नाही. व्याज नाही म्हणून शेवटी टाकलं का सगळ्यांनी?

गणिती_बंड्या
शून्य टक्के आहे भाऊ, दोन्ही पद्धतीत त्याला घाई नाही. ॲव्हलांचमध्ये तर शेवटचा नंबर.

सौ_मानेवाडा
शून्य टक्के एक्सेलमध्ये. दिवाळीला मामी समोर आली की व्याज दिसते. १,००० का होईना दर महिन्याला द्यायला सुरू करा, माणसाला दिसलं पाहिजे की हा विसरला नाही.

तर्रीपोहा
१,००० मामाला दिले तर कार्ड एक महिना लांबते ना ताई. मामाला फोन करून सांगायचं, मार्चपर्यंत थांबा म्हणून. घरचा माणूस आहे.

सौ_मानेवाडा
तुमचे मामा थांबत असतील.

हिंगणा_रोड
सगळ्यांचे आभार. आज दुपारी सुट्टीत फोन लावले. गाडीवाल्या कंपनीनं तारीख बदलायला नाही म्हटलं, पर्सनल लोनवाल्यांनी मेल करा सांगितलं, केला. गाडीला पार्ट पेमेंट घेतच नाही म्हणतात, एकदम पूर्ण बंद करायचं तर करा, म्हणजे स्नोबॉल करायचा असता तरी महिन्याला थोडं थोडं भरणं जमलंच नसतं. कार्डाच्या बँकेनं ईएमआय ऑफर मेसेजवर पाठवली आहे, १२ महिने, १७ टक्के, फी वेगळी. ६,००० खात्यात जमले की त्यावर हो म्हणणार. बांगड्यांचा विषय घरी परत काढला नाही. मामांना रविवारी भेटायला जाऊन राहिलो, उमरेडला राहतात, तिथे काय बोलायचं ते अजून ठरलं नाही.

कर्जखाते_महाल
ऑफर किती दिवस चालू आहे ते बघून घ्या, अशा ऑफर संपतात. संपली तर पुन्हा फोन करा, बहुतेक वेळा परत देतात. आणि ८ महिन्यांनी गाडीचा शेवटचा हप्ता गेला की शांत बसू नका, एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत आरसीवरचा बोजा उतरवा. एमएच ३१ आहे की ४९?

हिंगणा_रोड
४९.